फास्टॅग काचेलाच का चिकटवायचा? कॉन्ज्युगेट मॅचिंग, सोप्या भाषेत

जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने सांगितले की, काचेला न चिकटवता हातात धरून दाखवले जाणारे फास्टॅग काळ्या यादीत जातील. पुढच्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, तीन हजार रुपयांचा वार्षिक पास आला आणि टॅगविषयीची चर्चा पुन्हा सुरू झाली. नागपूरहून हिंगणघाटकडे निघालात की बोरखेडीला टोलनाका लागतो. तिथेच नव्हे, कुठल्याही नाक्यावर एक प्रश्न ऐकू येतो: "टॅग तर तोच आहे, खात्यात पैसेही आहेत, मग हातात धरला तर का घेत नाही?"

प्राधिकरणाने दिलेली कारणे गैरवापराची आणि लेनमधल्या खोळंब्याची आहेत, आणि ती खरीच आहेत. पण मला इथे दुसरे कारण समजावायचे आहे. ते विजेच्या एका जुन्या नियमातून येते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हा नियम सगळे पाठ करतात: स्रोताकडून जास्तीत जास्त सरासरी शक्ती घ्यायची असेल, तर लोडचा इम्पीडन्स स्रोताच्या इम्पीडन्सचा कॉन्ज्युगेट असला पाहिजे. परीक्षेत हे वाक्य लिहून मार्क मिळतात. त्याचा अर्थ मात्र फास्टॅगसारखी वस्तू हातात घेतली की नीट कळतो.

टॅगला बॅटरी नसते

जुना, काढून टाकलेला टॅग उजेडासमोर धरून पाहा. कागदाच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमची पातळ नक्षी दिसेल. मधोमध एक छोटा बंद चौकोन, म्हणजे लूप, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वळणावळणाने गेलेले दोन लांब बाहू. लूपच्या एका कडेवर एक काळा ठिपका असतो. तो ठिपका म्हणजे चिप, आणि बाकीची सगळी नक्षी म्हणजे अँटेना. एवढाच टॅग. त्यात बॅटरी नाही, सेल नाही.

मग चिप चालते कशावर? लेनच्या वर बसवलेला रीडर रेडिओ लहरी सोडतो, त्याच लहरींवर. भारतात फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. रीडरची ताकद ४ वॅटच्या मर्यादेत ठेवावी लागते. सहा मीटरवरच्या टॅगपर्यंत यातले किती पोचते याचा हिशेब मोकळ्या हवेसाठी केला, आणि रीडरची लहर गोल फिरणारी व टॅगची अँटेना सरळ असल्यामुळे जाणारा निम्मा वाटा वजा केला, तर उत्तर साधारण १०० मायक्रोवॅट येते. म्हणजे एका वॅटचा दहा हजारावा भाग. चिपला जागे व्हायला, आपला क्रमांक वाचायला आणि उत्तर पाठवायला यातले काही मायक्रोवॅट लागतात. थोड्या जुन्या पिढीच्या चिपला पंधरा-वीस, नव्यांना त्याहून कमी.

शंभर आले आणि वीस पुरतात, मग अडचण कसली? अडचण अशी की अँटेनापर्यंत आलेले शंभर आपोआप चिपमध्ये शिरत नाहीत. किती शिरतील हे अँटेना आणि चिप यांच्या जुळणीवर ठरते.

रेझिस्टन्स आणि रिॲक्टन्स

इथून पुढे तीनच तांत्रिक शब्द लागतील. रेझिस्टन्स म्हणजे सर्किटचा तो गुण, ज्यामुळे वीज खर्च होते. दिव्यात, हीटरमध्ये, चिपच्या आतल्या कामात जी शक्ती जाते ती रेझिस्टन्समध्ये जाते. रिॲक्टन्स म्हणजे तो गुण, ज्यामुळे वीज क्षणभर साठते आणि लगेच परत येते. कॉइल चुंबकीय क्षेत्रात साठवते, कपॅसिटर विद्युत क्षेत्रात साठवतो. दोन्हींत सरासरी खर्च शून्य. या दोघांची एकत्र नोंद म्हणजे इम्पीडन्स. तो असा लिहितात:

```
Z = R + jX
```

R हा रेझिस्टन्स, X हा रिॲक्टन्स. मधला j म्हणजे हा भाग पाव फेरा पुढे किंवा मागे चालतो, याची खूण. कॉइल असेल तर X धन असतो, कपॅसिटर असेल तर ऋण.

रिॲक्टन्स स्वतः काही खात नाही, तर तो शक्ती अडवतो कशी? झोका द्यायचा अनुभव सगळ्यांना आहे. झोका जिथून पुढे निघतो त्या क्षणी ढकलले तर थोड्या जोरातही तो उंच जातो. तोच जोर झोका अजून आपल्याकडे येत असताना लावला तर तो आपल्या हाताला परत ढकलतो, आणि आपण दमतो पण झोका चढत नाही. सर्किटमध्ये व्होल्टेज हा जोर आणि करंट ही गती. कॉइल करंटला मागे ठेवते, कपॅसिटर पुढे काढतो. दोघांपैकी एकच असेल, तर व्होल्टेज आणि करंट यांचा ताल सुटतो. सरासरी शक्ती म्हणजे तालात बसलेला भागच, म्हणून ती घटते. शिवाय रिॲक्टन्समुळे करंटचे मापही कमी होते.

दिलासा असा की कॉइल आणि कपॅसिटर विरुद्ध दिशेने ओढतात. एकाने जेवढे मागे टाकले तेवढेच दुसऱ्याने पुढे आणले, तर ताल पुन्हा बसतो. कॉन्ज्युगेट मॅचिंगचा अर्धा भाग इथेच आला.

नियम कुठून येतो

अँटेनाला एक स्रोत समजू. त्याचे व्होल्टेज V, आतला इम्पीडन्स Ra + jXa. चिप हा लोड, तिचा इम्पीडन्स Rc + jXc. दोघे एकामागे एक जोडले, की चिपमध्ये जाणारी सरासरी शक्ती अशी:

```
P = V² · Rc / [ (Ra + Rc)² + (Xa + Xc)² ]
```

सूत्र पाहून पान उलटू नका, त्यात फक्त दोन गोष्टी बघायच्या आहेत. दोन्ही X फक्त खाली, छेदात आहेत, आणि त्यांच्या बेरजेचा वर्ग आहे. वर्ग कधी ऋण होत नाही. म्हणजे ही बेरीज शून्य केली की छेद शक्य तेवढा लहान होतो. म्हणून Xc = −Xa. अँटेना जेवढी कॉइलसारखी, चिप तेवढीच कपॅसिटरसारखी. या पायरीवर काही गमवावे लागत नाही, तिचा निव्वळ फायदाच आहे.

Rc मात्र वरही आहे आणि खालीही. तो फार लहान ठेवला तर करंट भरपूर वाहतो, पण चिपमध्ये खर्च होण्याजोगे काही उरत नाही. फार मोठा ठेवला तर करंटच गळाठतो. मधला सुवर्णबिंदू Rc = Ra इथे येतो, आणि तेव्हा मिळणारी शक्ती V²/(4Ra) असते. अँटेनाकडून याहून जास्त कोणत्याही युक्तीने निघत नाही.

रेझिस्टन्स सारखा, रिॲक्टन्स मापाने सारखा पण चिन्हाने उलटा. अशा जोडीला कॉन्ज्युगेट म्हणतात, पाठ्यपुस्तकांच्या मराठीत संयुग्मी.

एक टॅग, आकड्यांसह

८६६ मेगाहर्ट्झला अशा चिपचा इम्पीडन्स साधारण 30 − j200 ओहम धरू. बाजारातल्या चिपचे आकडे याच्या आसपास असतात. ऋण २०० म्हणजे चिप बहुतांशी एक बारीक कपॅसिटर आहे, एक पिकोफॅरडच्या जरा खाली. तो मुद्दाम टाकलेला नसतो. चिपच्या आतले डायोड, ट्रान्झिस्टर आणि जोडणीचे पॅड यांच्या अस्तित्वातूनच तो येतो, काढून टाकता येत नाही.

आता कुणी विचार केला की अँटेना म्हणजे अँटेना, साधा अर्ध्या तरंगलांबीचा सरळ डायपोल, म्हणजे दोन सरळ बाहूंची अँटेना लावू. ८६६ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे साडेचौतीस सेंटिमीटर, म्हणजे डायपोल सतरा सेंटिमीटरचा. नीट कापलेल्या डायपोलचा इम्पीडन्स ७३ ओहमच्या जवळ असतो, रिॲक्टन्स शून्य. आलेल्या शक्तीपैकी चिपमध्ये किती टक्के शिरते, ते सांगणारे गुणोत्तर असे:

```
τ = 4 · Ra · Rc / [ (Ra + Rc)² + (Xa + Xc)² ]
```

आकडे घाला. वर ४ × ७३ × ३० म्हणजे ८७६०. खाली १०३ चा वर्ग अधिक २०० चा वर्ग, म्हणजे ५०६०९. उत्तर ०.१७. शंभर मायक्रोवॅटमधले सतराच चिपला मिळाले. काठावरची स्थिती आहे, काच थोडी धुळीने माखली तरी टॅग गप्प बसेल.

काही जणांना वाटते की जुळवायचे म्हणजे दोन्ही बाजूंना अगदी तेच असायला हवे. समजा अँटेनाही 30 − j200 केली. मग रिॲक्टन्स एकमेकांत मिळून उणे ४०० होतात आणि गुणोत्तर ०.०२२ वर येते. शंभरातले जेमतेम दोन. म्हणजे रिॲक्टन्सकडे दुर्लक्ष करण्यापेक्षाही हे वाईट झाले. स्पीकर आणि ॲम्प्लिफायरच्या गप्पांमधून "सारख्याला सारखे" ही समजूत पसरली आहे, पण रिॲक्टन्स आला की ती चालत नाही.

आता अँटेना 30 + j200 करा. रिॲक्टन्सची बेरीज शून्य. वर ३६००, खाली ६० चा वर्ग, तेही ३६००. गुणोत्तर एक. शंभरातले शंभर.

टॅगच्या मधला तो चौकोनी लूप यासाठीच असतो. चिपच्या दोन टोकांना जोडलेला तो धातूचा वळसा कॉइलचे काम करतो. ८६६ मेगाहर्ट्झला २०० ओहमचा रिॲक्टन्स हवा तर सुमारे ३७ नॅनोहेन्री लागतात, आणि एवढे इंडक्टन्स काही सेंटिमीटरच्या पट्टीच्या वळशातून सहज मिळते. लूप किती मोठा आणि बाहूंपासून किती अंतरावर, यावर डिझायनर रिॲक्टन्स आणि रेझिस्टन्स दोन्ही बसवतो. वेगळी कॉइल नाही, वेगळा कपॅसिटर नाही. छापलेल्या आकारातच सगळे मॅचिंग.

याचा आणखी एक फायदा आहे, आणि मला तो सर्वांत सुंदर वाटतो. जुळलेल्या टॅगमध्ये अँटेनाचे व्होल्टेज सुमारे ०.११ व्होल्ट निघते. एकूण रेझिस्टन्स ६० ओहम, म्हणून करंट १.८३ मिलिॲम्पिअर. हाच करंट चिपच्या 30 − j200 मधून जाताना तिच्या टोकांवर ०.३७ व्होल्ट तयार करतो. स्रोतापेक्षा तिप्पट! कॉइल आणि कपॅसिटर एकमेकांत वीज हिंदकळवत राहतात, त्यातून ही उंची मिळते. चिपमधल्या डायोडना एसीचे डीसी करायला थोडे तरी व्होल्टेज लागतेच. साध्या डायपोलवर ते ०.१५ व्होल्टच मिळाले असते.

काच सर्किटचा भाग आहे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डिझायनरने अँटेना जुळवली ती कोणत्या परिस्थितीत? मोकळ्या हवेत नाही, काचेवर चिकटलेली धरून.

काच धातू नसली तरी रेडिओ लहरींच्या दृष्टीने ती निष्क्रिय नसते. विद्युत क्षेत्र तिच्यात हवेपेक्षा कितीतरी जास्त साठते. टॅगची अँटेना काचेला टेकली की तिच्याभोवतीचे निम्मे क्षेत्र काचेत शिरते, आणि अँटेना विद्युतदृष्ट्या होती त्यापेक्षा लांब वागू लागते. काचेवर तिचा रिॲक्टन्स +२०० यावा असा आकार कापलेला असेल, तर काच काढताच तो खाली येतो. किती, हे प्रत्येक डिझाइनप्रमाणे बदलते. आपण समजण्यापुरते १४० धरू.

साठ ओहमचा फरक. ऐकायला किरकोळ. गुणोत्तरात टाकला तर खाली ६० चा वर्ग अधिक ६० चा वर्ग, म्हणजे नेमके अर्धे. शंभरातले पन्नास गेले, आणि अजून हाताचा हिशेब केलेलाच नाही. फरक १२० ओहमचा झाला तर वीस टक्केच उरतात.

रेझिस्टन्समध्ये एवढीच चूक करून पाहा. अँटेनाचा रेझिस्टन्स ३० ऐवजी दुप्पट, ६० झाला, पण रिॲक्टन्स बरोबर राहिला. वर ७२००, खाली ९० चा वर्ग ८१००. गुणोत्तर ०.८९. दुप्पट चूक होऊनही अकराच टक्के गेले. म्हणजे जुळणी रेझिस्टन्सच्या बाबतीत उदार आहे, रिॲक्टन्सच्या बाबतीत अजिबात नाही. कारण दोन मोठ्या आकड्यांनी, +२०० आणि −२०० ने, एकमेकांना काटेकोर खोडायचे असते. त्यातला एक तीस टक्क्यांनी हलला की उरलेली बाकी थेट रेझिस्टन्सच्या तोडीची होते. काच, हवा, हात या सगळ्या गोष्टी मुख्यतः रिॲक्टन्सच हलवतात.

हातात धरलेल्या टॅगवर अनेक नुकसाने एकदम येतात. काच नसल्याने रिॲक्टन्स सरकला. बोटे नेमकी बाहूंवर किंवा लूपवर पडली, आणि शरीरात पाणी व क्षार असल्याने त्यांनी रिॲक्टन्स आणखी सरकवला, शिवाय काही शक्ती गिळली. टॅग तिरका धरल्याने लहर नीट पकडली नाही. प्रत्येक वेळी निम्मे-निम्मे गेले, तरी तीन पायऱ्यांत शंभराचे साडेबारा होतात. चिप जागी होत नाही. एखादे वेळी होतेही, कारण गाडी पुढे सरकते, हात हलतो, अंतर कमी होते. म्हणूनच "काल तर घेतला होता" हे वाक्य खरे असते.

डॅशबोर्डवर नुसता ठेवलेला टॅग याच कारणाने धोक्याचा. खाली धातूचा भाग असेल तर अँटेनाचा रिॲक्टन्स तर हलतोच, शिवाय रेझिस्टन्सही कोसळतो, कारण धातूतून उलटा वाहणारा करंट अँटेनाची लहर खोडून काढतो. आणि नागपूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना तिसरा प्रकार ठाऊक असेल. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची काच हात लावू देत नाही, डिंक मऊ होतो, टॅगची एखादी कड सुटते. काच आणि अँटेना यांच्यात हवेचा पातळ थर शिरला, की तेवढ्या भागात टॅग काचेवर नसल्यासारखाच. दिसायला तो चिकटलेला असतो.

रंगीत किंवा उष्णता अडवणाऱ्या काचेची गोष्ट मात्र वेगळी ठेवा. काही गाड्यांच्या काचेत धातूचा अतिशय पातळ लेप असतो. तिथे लहर आत येण्याआधीच अडते, मॅचिंग कितीही चांगले असले तरी. अशा काचेत बहुधा आरशाजवळ लेप नसलेली छोटी जागा सोडलेली असते. टॅग तिथे लावायचा.

"मग अर्धी वीज वायाच जाते ना?"

हा आक्षेप जाणकार घेतात, आणि तो रास्त आहे. Ra आणि Rc सारखे असतील, तर दोन्हींत सारखीच शक्ती जाते. चिपमध्ये शंभर मायक्रोवॅट गेले तेव्हा स्रोताच्या रेझिस्टन्समध्येही शंभर गेले. कार्यक्षमता पन्नास टक्के.

कोराडीच्या वीजकेंद्रात हा नियम कुणी लावत नाही, लावूही नये. ६६० मेगावॅटचा एक संच कॉन्ज्युगेट मॅचिंगने चालवला, तर जितकी वीज ग्राहकांकडे जाईल तितकीच उष्णता जनरेटर आणि तारांमध्ये होईल, आणि ते आधी वितळेल. तिथे प्रश्नच वेगळा असतो: कमीत कमी नासाडीत हवी तेवढी वीज पोचवणे. म्हणून स्रोताचा रेझिस्टन्स लोडच्या तुलनेत अगदी कमी ठेवतात. मॉरिट्झ याकोबी यांनी १८४० च्या सुमारास हा जास्तीत जास्त शक्तीचा नियम मांडला. पुढे बरीच वर्षे पन्नास टक्क्यांच्या वर कार्यक्षमता जातच नाही असा त्याचा चुकीचा अर्थ लावला गेला. नियम कार्यक्षमतेची मर्यादा सांगत नाही. मर्यादित स्रोतातून सर्वाधिक किती काढता येईल, एवढेच तो सांगतो. कारखान्यात पॉवर फॅक्टर सुधारायला कपॅसिटर लावतात तेव्हाही लोडचा रिॲक्टन्स खोडला जातो, पण रेझिस्टन्स जुळवला जात नाही. ते अर्धेच काम मुद्दाम केलेले असते.

टॅगमध्ये तर स्रोताच्या बाजूचे ते शंभर मायक्रोवॅट उष्णता होऊन जातही नाहीत. अँटेनाचा रेझिस्टन्स बहुतांशी लहर परत फेकण्याचा रेझिस्टन्स आहे. त्यात गेलेली शक्ती पुन्हा हवेत उधळली जाते, आणि त्यावरच टॅगचे बोलणे चालते. उत्तर पाठवायला चिप स्वतःची लहर निर्माण करत नाही. ती आपल्या टोकांना क्षणभर शॉर्ट करते, मग सोडते, पुन्हा शॉर्ट करते. आपल्या उदाहरणात शॉर्ट केल्यावर कपॅसिटर नाहीसा होतो, २०० ओहमची कॉइल एकटी उरते आणि अँटेनातला करंट १.८३ वरून ०.५४ मिलिॲम्पिअरवर घसरतो. परत फेकलेली लहर तशीच कमी-जास्त होते. रीडर हा बारीक फरक वाचतो. म्हणजे टॅग ऐकतो आणि शक्ती घेतो जुळलेल्या स्थितीत, आणि बोलतो ती जुळणी मुद्दाम मोडून.

"नियम लोड बदलण्याचा आहे, इथे तर स्रोत बदलला"

बारकाईने वाचणाऱ्याला हे खटकले असेल. नियम म्हणतो स्रोत ठरलेला, लोड निवडा. टॅगमध्ये उलट: चिप ठरलेली, म्हणजे लोड ठरलेला, आणि आपण अँटेना निवडतो. V ठरलेले असताना स्रोताचा रेझिस्टन्स निवडायची मुभा मिळाली तर सर्वांत चांगला पर्याय Ra = 0 असायला हवा, ३० नव्हे.

बॅटरीच्या बाबतीत हे बरोबर आहे. अँटेनाच्या बाबतीत V ठरलेले नसते. अँटेनाकडे येणारी उपलब्ध शक्ती आजूबाजूच्या लहरीवर, तरंगलांबीवर आणि अँटेना त्या दिशेची लहर किती चांगली पकडते यावर ठरते, तिच्या रेझिस्टन्सवर नाही. Ra कमी केला की V सुद्धा त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात उतरते, आणि V²/(4Ra) जिथल्या तिथे राहते. म्हणूनच आपल्या उदाहरणात डायपोलचे व्होल्टेज ०.१७ आणि जुळलेल्या अँटेनाचे ०.११, पण उपलब्ध शक्ती दोघांची शंभरच. मग अँटेना बदला किंवा चिप, गुणोत्तर एक होण्याची अट तीच राहते.

रिॲक्टन्स खोडायची सोयच नसेल तर? समजा अँटेना 30 + j200 आहे आणि लोड निव्वळ रेझिस्टन्सच ठेवायचा आहे. अशा वेळी ३० ओहम लावणे चूक ठरते, त्यातून आठ टक्केच मिळतात. उत्तम निवड स्रोताच्या इम्पीडन्सच्या एकूण मापाएवढी, म्हणजे ३० आणि २०० च्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, सुमारे २०२ ओहम. त्यातून सव्वीस टक्के मिळतात. कॉन्ज्युगेटच्या शंभरापुढे हे कमीच, पण हातात तेवढेच असेल तर तेच घ्यायचे.

फ्रिक्वेन्सी आणि अंतर

कॉन्ज्युगेट जुळणी एका फ्रिक्वेन्सीची असते, कारण फ्रिक्वेन्सी वाढली की कॉइलचा रिॲक्टन्स वाढतो आणि कपॅसिटरचा घटतो. पण आपला पट्टा जेमतेम दोन मेगाहर्ट्झचा आहे. तेवढ्यात आपल्या आकड्यांची बाकी एका ओहमच्या आसपास हलते. भारतातल्या टॅगला फ्रिक्वेन्सीची फारशी भीती नाही.

अंतराचे गणित थोडे मवाळ आहे. शक्ती अंतराच्या वर्गाने घटते, म्हणून जुळणी अर्धी झाली तरी टॅग वाचता येण्याचे अंतर अर्धे न होता सत्तर टक्क्यांवर येते, आणि जुळणी वीस टक्क्यांवर आली तर पंचेचाळीस टक्क्यांवर. आणखी एक मर्यादा: चिपचा 30 − j200 हा आकडा कायमचा नसतो. आतले डायोड किती जोरात चालतात त्यावर तो बदलतो. म्हणून डिझायनर चिप जेमतेम जागी होते त्या शक्तीच्या पातळीवरचा आकडा घेऊन जुळवतो. जवळ आल्यावर जुळणी बिघडते, पण तिथे शक्ती मुबलक असल्याने काही अडत नाही.

बिघाड कुठला, हे कसे ओळखायचे

नाक्यावर टॅग चालला नाही तर आधी विचारा की तो वाचला गेला की नाही. पडद्यावर तुमच्या गाडीचा क्रमांक किंवा काळ्या यादीचा संदेश आला, तर टॅगने आपले काम केले आहे. भानगड खात्याची किंवा केवायसीची, काच पुसून उपयोग नाही.

काहीच आले नाही, आणि कर्मचाऱ्याने हातातला रीडर काचेजवळ आणताच टॅग वाचला गेला, तर चिप आणि अँटेना शाबूत आहेत. अंतर सहा मीटरवरून काही सेंटिमीटरवर आले, शक्ती कित्येक पटींनी वाढली आणि बिघडलेली जुळणीही खपून गेली. अशा वेळी टॅगच्या कडा बोटाने दाबून पाहा, मागे हवा शिरली आहे का ते बघा, त्याला लागून धातूची पट्टी, दुसरा टॅग किंवा धातूचा लेप असलेली फिल्म आहे का ते तपासा. जुना टॅग नव्याखाली तसाच ठेवून वरून चिकटवणारे बरेच असतात. खालची ॲल्युमिनियमची नक्षी वरच्या अँटेनाचा रिॲक्टन्स हलवते. जुना आधी पूर्ण खरवडून काढा.

हातातल्या रीडरनेही वाचला नाही, तर टॅग तुटला आहे. बहुतेकदा तो एकदा सोलून पुन्हा चिकटवलेला असतो. टॅग एका गाडीवरून काढून दुसऱ्या गाडीवर लावता येऊ नये म्हणून तो सोलताना फाटेल असाच बनवतात. लूपमध्ये केसाएवढी चीर गेली तरी कॉइलचा मार्ग खंडित होतो, ती २०० ओहमची भरपाई जाते आणि चिप पुन्हा एकटा कपॅसिटर होऊन बसते. असा टॅग चिकटपट्टीने दुरुस्त होत नाही, बँकेकडून नवा घ्यावा लागतो. नवा लावताना काच आधी कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा, टॅग मधून कडांकडे दाबत जा, म्हणजे आत हवा राहणार नाही.